नोकरीच्या कागदावर सही करण्यापूर्वी
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. वकिली किंवा व्यापार या दोन्हींशी माझा संबंध नाही. तेव्हा नोकरीच्या करारावर बोलण्याचा अधिकार मला कोठून आला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. तो अधिकार एका चुकीतून आलेला आहे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे. म्हणून प्रथम तीच सांगतो.

इ. स. २०१६ साली माझ्या पुतण्याला पदविका मिळताच एका खाजगी कारखान्यात नोकरी लागली. घरात आनंद झाला. कंपनीने त्याला प्रथम जे पत्र पाठविले ते दीड पानांचे होते. त्यात पगार, हुद्दा आणि हजर होण्याची तारीख एवढेच ठळकपणे लिहिलेले होते. शेवटी ‘बाकीच्या अटी कंपनीच्या नियमांप्रमाणे’ अशी एक ओळ होती. ती ओळ आम्ही कोणीही दुसऱ्यांदा वाचली नाही. हजर होण्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पुतण्याचा फोन आला. “काका, येथे स्टँपपेपरवर बाँड लिहून द्यावयाचा आहे आणि जामीन म्हणून घरच्या वडीलधाऱ्याची सही हवी आहे. आजच पाहिजे म्हणतात.” मी बसने गेलो आणि कार्यालयाच्या बाकावर बसून, न वाचता, दाखवतील तेथे सह्या केल्या. पस्तीस वर्षे मी मुलांना ‘प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहा’ असे सांगत आलो होतो!

त्या कागदात काय होते ते चौदा महिन्यांनी कळले. पुतण्याच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंचे, दुखणे वाढल्यामुळे त्याला घरी परत यावे लागले. त्याने चार दिवसांची सूचना देऊन नोकरी सोडली. थोड्याच दिवसांत कंपनीचे पत्र आले, ते त्याच्या नावे आणि माझ्याही नावे. मागणी होती बाँडचे दीड लाख रुपये, अधिक एका महिन्याचा पगार. आम्ही म्हटले, दोन वर्षांचा बाँड होता, त्यातील चौदा महिने तर मुलाने काम केले. मग पूर्ण रक्कम कशी? त्यावर त्यांनी कलम दाखविले. दोन वर्षे मोजावयाची होती ती नोकरीत कायम झाल्याच्या तारखेपासून. सहा महिन्यांचा प्रोबेशनचा काळ कंपनीने दोनदा वाढविला होता, मुलगा अद्याप कायम झालाच नव्हता. म्हणजे कागदाच्या हिशेबाने त्याच्या बाँडचा पहिला दिवससुद्धा उजाडलेला नव्हता. शिवाय त्याचे मूळ गुणपत्रक आणि पदविकेचे प्रमाणपत्र ‘पडताळणीसाठी’ म्हणून त्यांच्या कपाटात पडून होते.

आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी दोन गोष्टी समजावून सांगितल्या. भारतीय करार कायदा हा १८७२ सालचा. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ देणेदाराइतकीच असते. म्हणजे कंपनी आधी मुलाकडे जाईल आणि त्याने नाकारल्यावर मग माझ्याकडे येईल, असे नाही. ती सरळ माझ्याकडे येऊ शकते. दुसरी गोष्ट थोडी दिलासा देणारी होती. त्याच कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे, करार मोडल्यास म्हणून जो आकडा लिहिलेला असतो ती भरपाईची वरची मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई देते. आकडा लिहिला म्हणून तो जसाच्या तसा मिळतोच असे नाही. आमच्या मुलाला शिक्षण म्हणून जे मिळाले ते त्याच कारखान्यातील जुन्या माणसाबरोबर आठ दिवस उभे राहणे, एवढेच. त्यासाठी कंपनीने कोणाला फी दिली नव्हती. हा मुद्दा मांडून अखेर चाळीस हजार रुपये आणि एका महिन्याचा पगार यांवर तडजोड झाली. न्यायालयात गेलो असतो तर कदाचित याहून कमी द्यावे लागले असते. परंतु प्रमाणपत्रे त्यांच्या हाती होती आणि मुलाला ती दुसरीकडे दाखवावयाची होती. आजारी भावाच्या औषधाचे पैसे आम्ही त्या कामी भरले. हे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून आपल्या समाजातील कोणाच्या घरी नेमणुकीचे पत्र आले की मी ते मागून घेऊन वाचतो. अशी बरीच पत्रे वाचल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि तीच आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. प्रोबेशन, बाँड आणि नोटीसऐवजी भरावयाची रक्कम या तीन अटी पत्रात तीन वेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या असतात आणि उमेदवार त्या सुट्या सुट्या वाचतो. वस्तुतः त्या एकमेकींत अडकलेल्या असतात. तिन्ही मिळून एकाच प्रश्नाचे उत्तर देतात: अमुक एका तारखेला ही नोकरी सुटली, मग ती आपण सोडलेली असो वा त्यांनी काढलेले असो, तर आपल्याला किती रुपये द्यावे लागतील? या प्रश्नाचे उत्तर सही करण्यापूर्वी कागदावर मांडता आले पाहिजे. मांडता येत नसेल, तर जे कळत नाही तेवढेच विचारावयाचे.

हे कसे करावे ते माझ्या भाचीच्या उदाहरणाने सांगतो. ती नाशिकला एका कंपनीत अभियंता होती. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस पुण्याच्या एका कंपनीकडून तिला ऑफर लेटर आले. जुना पगार महिना ४२,००० रुपये, नवा ५८,००० रुपये. उत्तर देण्यास पाच दिवसांची मुदत होती. तिने मला फोन केला, “मामा, तुम्ही पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही.” या एका वाक्याने मला जे समाधान वाटले ते सांगता येत नाही.

पत्र तीन पानांचे होते. त्यातील आपल्या विषयापुरत्या अटी अशा. १ जुलैला हजर व्हावे. प्रोबेशन सहा महिने, कंपनीच्या मर्जीनुसार आणखी सहा महिने वाढविता येईल. प्रोबेशनमध्ये नोकरी सोडावयाची तर तिने तीस दिवसांची नोटीस द्यावी; कंपनीने काढावयाचे तर सात दिवसांची. कायम झाल्यावर दोन्ही बाजूंनी नव्वद दिवस. ‘सेवाकरार’ कायम झाल्यापासून चोवीस महिने, मोडल्यास दोन लाख रुपये. तपशील हजर होण्याच्या दिवशी करावयाच्या करारात दिला जाईल. आणि तोंडी आश्वासन असे, की जुन्या कंपनीला नोटीसऐवजी जी रक्कम भरावी लागेल ती आम्ही देऊ.

आम्ही पहिली मागणी केली ती अशी, की नेमणुकीचे संपूर्ण पत्र आणि सेवाकरार यांचा मसुदा आजच पाहावयास मिळावा. ही मागणी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिचे कारण पुतण्याच्या गोष्टीत आलेच आहे. ऑफर लेटर लहान असते. खऱ्या अटी हजर होण्याच्या दिवशीच्या कागदांत असतात. त्या दिवशी आपण जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन बसलेले असतो, मग नाही म्हणण्याची ताकद राहत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये नेमणुकीचे लेखी पत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण ते पत्र नेमणुकीच्या वेळी द्यावयाचे आहे. राजीनाम्यापूर्वी मसुदा दाखवावा असे त्यात नाही. ते आपणच मागावयास हवे. भाचीने मागितला आणि दुसऱ्या दिवशी तो आला.

मसुदा आल्यावर आम्ही एक कोरा कागद घेतला आणि त्यावर तारखा मांडल्या. नोकरीची सुरुवात १ जुलै २०२४. बाँड या तारखेपासून मोजला तर चोवीस महिने ३० जून २०२६ ला पुरे होतात. कायम झाल्यापासून मोजला आणि प्रोबेशन सहा महिन्यांतच संपले, तर ३१ डिसेंबर २०२६. प्रोबेशन आणखी सहा महिने वाढविले, तर ३० जून २०२७. पाहा, कागदावर शब्द ‘दोन वर्षे’ असाच आहे, पण ते अडीच किंवा तीन वर्षे होऊ शकतात, आणि ते ठरविणे सर्वस्वी कंपनीच्या हाती आहे. यास्तव प्रोबेशनची अट आणि बाँडची अट कधीही वेगळी वाचू नये.

पुढे आम्ही रक्कम मांडली. समजा, दीड वर्ष काम करून ३१ डिसेंबर २०२५ ला ती बाहेर पडली. बाँड हजर झालेल्या दिवसापासून मोजावयाचा असेल आणि रक्कम दरमहा कमी होत जाणार असेल, तर चोवीसपैकी सहा महिने राहिले. दोन लाखांचा चौथा भाग, म्हणजे ५०,००० रुपये. सहा महिन्यांनी कायम झाल्यापासून मोजला तर बारा महिने राहिले, म्हणजे १,००,०००. प्रोबेशन वाढविलेले असेल तर अठरा महिने राहिले, १,५०,०००. आणि रक्कम कमी होण्याची सोयच नसेल, तर शेवटच्या महिन्यातही पुरे २,००,०००. एकच बाँड, एकच दिवस, पण चार निरनिराळे आकडे. आपल्या पत्राचा आकडा यांपैकी कोणता, हे मसुद्यात स्पष्ट नव्हते. हिशेब मांडला नसता तर ते अस्पष्ट आहे हेदेखील कळले नसते.

आणखी एक बारीक गोष्ट येथे सांगतो. बाँडची मुदत पुरी झाली की नाही, हे राजीनामा दिल्याच्या तारखेवरून पाहावयाचे की कामाच्या शेवटच्या दिवसावरून? नोटीस नव्वद दिवसांची असेल तर याने तीन महिन्यांचा फरक पडतो. शेवटचा दिवस धरला तर २ एप्रिल २०२६ ला नोटीस सुरू करून ३० जूनला मोकळे होता येते. राजीनाम्याची तारीख धरली तर ३० जूननंतरच राजीनामा द्यावयाचा आणि पुढे नव्वद दिवस राहावयाचे. एका शब्दाचा हा प्रश्न आहे. विचारला तर बहुधा सरळ उत्तर मिळते.

आता काही तरुण मंडळी म्हणतात, “गुरुजी, बाँडला कायद्यात काही अर्थ नसतो. सही करून द्यावी आणि पुढे पाहून घ्यावे.” हा समज धोक्याचा आहे. कोणालाही जबरदस्तीने नोकरी करावयास लावता येत नाही हे खरे. नोकरी संपल्यावर दुसरीकडे काम करू नये, अशी बंदी करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे टिकत नाही, हेही खरे. परंतु ठरलेली मुदत पुरी न केल्यास भरपाई द्यावी, ही अट वेगळी आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात अशीच अट वैध ठरविली. तेथील अधिकारी तीन वर्षे पुरी होण्याआधी २००९ साली दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा देऊन बाहेर पडला होता आणि त्याने दोन लाख रुपये तक्रार नोंदवून भरले होते. उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. न्यायालयाने पाहिले ते हे, की अट त्याला दुसरीकडे काम करण्यास मना करीत नव्हती, तो चांगल्या पगाराच्या वरच्या हुद्द्यावर होता, आणि सरकारी बँकेला रिकामी जागा भरावयाची तर जाहिरातीपासून सारी खर्चाची प्रक्रिया पुन्हा करावी लागते. खाजगी कारखान्याला यातील शेवटचे कारण जसेच्या तसे सांगता येणार नाही. पण ‘बाँड म्हणजे रद्दी’ असे आता कोणी म्हणू नये. शिवाय २००९ चा राजीनामा आणि २०२५ चा निकाल यांमध्ये सोळा वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवावे.

आता तिसरी अट: नोटीसऐवजी पैसे भरून लवकर मोकळे होणे. यात नवी कंपनी आणि जुनी कंपनी या दोघींचाही संबंध येतो, म्हणून गोंधळ अधिक होतो. भाचीच्या जुन्या नोकरीत नव्वद दिवसांची नोटीस होती. १ जूनपासून मोजली तर २९ ऑगस्टला पुरी होणार. नवीन कंपनीला ती १ जुलैला हवी. म्हणजे साठ दिवस कमी पडत होते, दोन महिन्यांचा पगार भरावयाचा. पण पगार म्हणजे कोणता? तिचे मूळ वेतन १८,००० रुपये होते आणि एकूण वेतन ४२,०००. मुळावर मोजले तर ३६,०००, एकूणावर मोजले तर ८४,०००. अठ्ठेचाळीस हजारांचा फरक! तिचे जुने पत्र काढून पाहिले. त्यात ‘एकूण वेतन’ असे होते. त्यापुढे आणखी दोन शब्द होते: ‘कंपनीच्या संमतीने’. म्हणजे पैसे भरून सुटणे हा तिचा हक्क नव्हता. जुन्या कंपनीने ‘पैसे नकोत, नव्वद दिवस काम कर’ म्हटले असते तर ती १ जुलैला पुण्यात हजर होऊ शकली नसती. आणि संमती मिळेल का हे आधी जाऊन विचारावे, तर नोकरी सोडण्याचा बेत उघड होतो. ही कोंडी अनेकांना येते. तीवर उपाय जुन्या कंपनीकडे नाही, नव्याकडे आहे. नव्या कंपनीला विचारावे: ‘जुन्या कार्यालयाने पैसे घेऊन मोकळे केले नाही, तर हजर होण्याची तारीख २ सप्टेंबरपर्यंत पुढे जाईल, असे लिहून द्याल का?’

दुसरा प्रश्न त्या ८४,००० रुपयांचा. ‘आम्ही देऊ’ याचा अर्थ काय? किती देणार, केव्हा देणार, कोणती पावती पाहून देणार? आधी ही रक्कम घरूनच भरावी लागते; नवी कंपनी ती नंतर परत करते. परत करताना ती पगारात मिळविली जाते, आणि त्या वर्षाच्या प्राप्तिकराच्या हिशेबात उत्पन्न म्हणून धरली जाते. तेव्हा हाती किती येईल हे वर्षाच्या एकूण उत्पन्नावर अवलंबून राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘एका वर्षाच्या आत नोकरी सुटल्यास ही रक्कम परत करावी’ अशी अट बहुधा त्याबरोबर येते. भाचीच्या मसुद्यात ती सातव्या पानावर होती. जुन्या कार्यालयाने हिशेबात अठरा टक्के जीएसटीही लावला होता. तो मात्र केंद्र सरकारच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे या रकमेवर लागत नाही, असे दाखविल्यावर काढून टाकला गेला.

आता विचारावयाचे कसे? मुलामुलींना भीती वाटते की प्रश्न विचारले तर नोकरी हातची जाईल. ही भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ‘सही करा नाहीतर सोडा’ म्हणणारेही असतात. पण विचारण्याची रीत साधी ठेवली तर बहुतेक ठिकाणी कोणी रागावत नाही. प्रश्न एकाच वेळी, एकाच ई-मेलमध्ये विचारावेत. रोज एक काढू नये. अट चुकीची आहे असे म्हणू नये. ‘मला हे असे समजले, ते बरोबर आहे का?’ असे विचारावे. भाचीने लिहिलेले पत्र इंग्रजीत होते. त्याचा आशय असा:

‘आपण देऊ केलेल्या नेमणुकीबद्दल आभारी आहे. सही करण्यापूर्वी पाच गोष्टी निश्चित कळाव्यात अशी विनंती आहे. एक, सेवाकराराचे चोवीस महिने हजर झाल्याच्या दिवसापासून मोजले जातील का, आणि ते कामाच्या शेवटच्या दिवशी पुरे झाल्याचे धरले जाईल का? दोन, दोन लाखांची रक्कम काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होत जाईल का? तीन, माझी गैरवर्तणूक नसताना कंपनीनेच मला प्रोबेशनमध्ये किंवा नंतर कमी केले, तर ही रक्कम आणि नोटीसची परत केलेली रक्कम माझ्याकडून मागितली जाणार नाही ना? चार, जुन्या कंपनीस भरलेली ८४,००० रुपयांपर्यंतची रक्कम पावती दिल्यावर पहिल्या पगाराबरोबर मिळेल का. आणि त्यांनी वेळेपूर्वी मोकळे न केल्यास २ सप्टेंबरपर्यंत हजर झाले तर चालेल का? पाच, प्रोबेशन पुरे झाल्यावर कायम केल्याचे पत्र मिळेल का, आणि प्रोबेशन वाढवावयाचे झाल्यास ते मुदतीपूर्वी लेखी कळविले जाईल का?’

पाचव्या प्रश्नाचे कारण सांगतो. सहा महिने भरले की माणूस आपोआप कायम होतो, असा सर्वसाधारण समज आहे. पत्रात किंवा नियमांत तसे लिहिले नसेल तर केवळ मुदत उलटल्याने कोणी कायम होत नाही. म्हणून पत्र मागावे लागते, आणि सहा महिने संपण्याच्या आधी पंधरा दिवस आठवण द्यावी लागते.

तिला प्रथम फोनवर उत्तर मिळाले. मनुष्यबळ विभागाच्या बाई सौजन्याने म्हणाल्या, “अहो, आम्ही आजपर्यंत कोणाकडून बाँडचे पैसे घेतलेले नाहीत. काळजी करू नका.” असे उत्तर ऐकले की आपण निश्चिंत होतो, आणि तेथेच चूक होते. सेवाकराराच्या शेवटी एक कलम बहुधा असतेच, की या कागदापूर्वी झालेली सर्व बोलणी व पत्रव्यवहार रद्द समजावा. म्हणजे फोनवरचे बोलणे तर गेलेच, पण आधीचा ई-मेलही निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून भाचीने त्याच संध्याकाळी ‘आपण फोनवर सांगितले ते मला असे समजले’ म्हणून सारे लिहून पाठविले, आणि हे मुद्दे कराराला जोडलेल्या सहीच्या पुरवणीत यावेत अशी विनंती केली.

चौथ्या दिवशी पुरवणी आली. सर्व मागण्या मान्य झाल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नव्वद दिवसांची नोटीस कमी करण्यास त्यांनी नकार दिला, कारण ती सर्वांना सारखी होती. प्रोबेशनमधील सात आणि तीस दिवसांचा भेदही तसाच राहिला. पण बाँड हजर झाल्यापासून मोजण्याचे, दरमहा कमी करण्याचे आणि कंपनीने काढल्यास काहीही न मागण्याचे त्यांनी मान्य केले. जामीन म्हणून वडिलांची सही आणि सहीचा कोरा धनादेश मागितला होता. धनादेश देण्यास आम्ही नम्रपणे नकार दिला. कारण सही केलेला कोरा धनादेश पुढे कोणी आकडा भरून बँकेत टाकला आणि तो परत आला, तर प्रकरण फौजदारी होते. वडिलांची सही, रक्कम दरमहा कमी होणार असे लिहून मिळाल्यावर, दिली. प्रमाणपत्रे मूळ दाखविली आणि त्याच टेबलावरून परत घेतली. हे सारे हातात आल्यावरच तिने जुन्या कार्यालयात राजीनामा दिला. ८४,००० भरून ती ३० जूनला मोकळी झाली आणि १ जुलैला पुण्यात हजर झाली.

आपणांस वाटेल, एवढा खटाटोप करून काय मिळविले? ऐका. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या कंपनीचे एक मोठे काम हातचे गेले, आणि प्रोबेशनमधील जी माणसे कमी केली त्यांत माझी भाची होती. सात दिवसांची नोटीस मिळाली. शेवटचा हिशेब आला, त्यात नोटीसचे म्हणून परत दिलेले ८४,००० रुपये ‘एका वर्षाच्या आत नोकरी सुटली’ या कलमाखाली वजा केलेले होते! हिशेब करणाऱ्या कारकुनापुढे मूळ करार होता, पुरवणी नव्हती. भाचीने पुरवणीची प्रत पाठविली. आठ दिवसांत रक्कम जमा झाली आणि बाँडचा शब्दही कोणी काढला नाही. तिच्याबरोबर कमी झालेल्या एका मुलाने प्रश्न विचारले नव्हते. त्याचाही नोटीसचा पैसा वजा झाला, आणि दाखविण्यास त्याच्याजवळ फोनवरचे एक आश्वासन होते. भाचीला दोन महिन्यांनी पिंपरीला दुसरी नोकरी मिळाली. मधले दोन महिने त्याच पैशावर निघाले.

बंधूंनो आणि भगिनींनो, नोकरी लागल्याचा पेढा घेऊन आपण माझ्याकडे येता, तेव्हा पेढ्याबरोबर ते पत्रही आणावे, ही माझी विनंती आहे. पण माझ्याकडे यावयास हवे असे नाही. घरीच एक कोरा कागद घ्या, त्यावर हजर होण्याची, प्रोबेशन संपण्याची आणि बाँड संपण्याची तारीख लिहा. समोर त्या त्या दिवशी नोकरी सुटली तर द्यावयाची रक्कम लिहा. जो रकाना भरता येणार नाही, तोच कंपनीला विचारावयाचा प्रश्न. आणि कोणी जामीन म्हणून आपल्याला बाकावर बसवून सही मागितली, तर चष्मा काढून पुसावा, कागद हाती घ्यावा, आणि “वाचून उद्या देतो” असे म्हणावे. २०१६ साली मला हे म्हणता आले नाही.